तीस तारीख धरून

वृद्धाश्रमाच्या पॅसेजमध्ये वडिलांचं सगळं सामान दोन पोत्यांत कोंबून ठेवलं होतं. त्यांना जाऊन आठ दिवस झाले होते. आज तीस तारखेला ती त्यांची खोली आवरायला आली, तर दाराला नवंच कुलूप.

“ताई, खोली ‘तीस तारखेपर्यंत’ तुमची, असं करारात आहे,” व्यवस्थापक म्हणाला. “म्हणजे एकोणतीसलाच मुदत संपली.”

वकिलाच्या ऑफिसात वीस वर्षं ती असलेच करार तपासत आली होती. तिनं पर्समधून प्रत काढली.

“नोटिशीच्या कलमात तुम्ही ‘ती तारीख वगळून’ असं लिहिलंय. इथे, खोलीच्या कलमात, लिहिलंय?”

“इथे ‘धरून’ तरी कुठे लिहिलंय?”

“म्हणून व्याख्या वाचायच्या असतात, दादा. पान दोन. ‘जिथे वगळून असं म्हटलेलं नाही, तिथे पहिली आणि शेवटची तारीख धरून मोजावं.’ तुमचाच कागद आहे. आजचा दिवस बाबांचा आहे.”

त्यानं कुलूप काढलं आणि पोत्यांकडे बोट दाखवलं. ती वाकली नाही.

“आधी सगळं जिथलं तिथे लावा,” ती म्हणाली. “मग मी आवरेन.”