बायजीचा रक्तनमुना

तलासरीच्या डोंगरपट्टीतल्या सात पाड्यांचं तापाचं सर्वेक्षण आरोग्य पर्यवेक्षिका प्रगतीच्या देखरेखीखाली होतं. आरोग्यसेवक रविंद्र घरोघर जाऊन, ताप असेल त्याच्या बोटातून थेंबभर रक्त काचपट्टीवर घ्यायचा.

आधी "जमेल तेवढे घे" असं सांगितलेलं असायचं, तेव्हा महिन्याला तीसेक नमुने यायचे. मार्चमध्ये दोघांनी बसून आकडा ठरवला, पन्नास. दर सोमवारी किती झाले ते ती सांगायची. रविंद्र ईर्ष्येला पेटला. मे महिन्यात चोपन्न आले. तिला कौतुक वाटलं. आणि जूनपासून त्याला न विचारता तिने तो आकडा दीडशे करून टाकला.

"ताई, एवढ्यांना ताप तरी यायला हवा ना?" तो म्हणाला होता.

"पन्नासलाही तू असंच म्हणाला होतास."

ऑगस्टमध्ये दीडशेच्या वर नमुने आले. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ निधीचा फोन आला. "एकाच पाड्यातले नऊ जण हिवतापाचे निघालेत. सगळ्या पट्ट्या अगदी सारख्या दिसतायत."

प्रगती गोळ्या घेऊन तडक निघाली. यादीतली आठ माणसं ठणठणीत होती, कुणी शेतात, कुणी विहिरीवर. "आमचं रक्त कोणी घेतलंच नाही," सगळे म्हणाले. नववं घर टेकडीच्या पलीकडे होतं. दारात संगिता भात पाखडत होती.

"बायजी आहे का?"

"आई जूनमध्येच गेली. आठ दिवस ताप होता." संगिताने यादीवरचं नाव बोट लावून वाचलं. सूप खाली ठेवलं. "म्हणजे कोणी आलं होतं? ताई, आईच्या रक्तात काय निघालं?"

प्रगती यादी मिटून उपकेंद्राकडे वळली.

रविंद्र उपकेंद्राच्या बाकावर शाल पांघरून बसला होता. हात पुढे कर म्हटल्यावर त्याने मुकाट्याने केला. बोटांची टोकं टोचून काळी पडली होती. नऊही पट्ट्यांवर त्याचंच रक्त होतं.

"टेकडीपलीकडच्या त्या एका घरी जायला-यायला दोन तास लागायचे," तो म्हणाला. "दोन तासांत खाली दहा नावं व्हायची. जूनपासून वर गेलोच नाही. जुन्या यादीतली नावं उतरवत होतो. बायजी गेल्याचंही कळलं नाही मला."

तो कुडकुडत होता. तिने आधी त्याचा उपचार सुरू केला, मग डॉक्टरांना सगळं लिहून दिलं. रविंद्रने काय केलं ते लिहिलं, आणि त्याच्याही वर, दीडशेचा आकडा कोणी टाकला ते.

रविंद्रवर कारवाई झाली, तिलाही लेखी ताकीद मिळाली. तो बरा होऊन परतल्यावर दोघांनी पुन्हा बसून ठरवलं. प्रत्येक घरी पंधरवड्याला एक फेरी, टेकडीपलीकडच्या घरीसुद्धा, आणि ताप असेल त्याचा नमुना त्याच दिवशी. नमुन्यांचा आकडा मात्र ठरवला नाही. सप्टेंबरमध्ये सत्तेचाळीस आले, सगळे खरे.

तरी अहवालावर सही करताना प्रगतीचा हात थांबतो. नावांवरून बोट फिरवत ती एकेक नाव मोठ्याने वाचते, आणि प्रत्येक नावापाशी संगिताचा प्रश्न तिच्या कानात येतो.