एकत्र चोळा

मला स्वतःबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकायची आहे. मी आयुष्यात एकदाही हरभरा पेरलेला नाही. वाढलो पुण्यात, नोकरी करतो लंडनच्या एका फायनान्स कंपनीत, राहतो तिथल्याच पिनर या उपनगरात. आमच्या बागेत जे काही उगवतं ते आपल्या मर्जीनं उगवतं, माझा त्याच्याशी संबंध नाही. तरीही गेल्या वर्षी वाशीम जिल्ह्यातल्या एका शेतकरी गटाला हरभरा कसा पेरावा हे मी लिहून पाठवलं.

झालं असं की पिनरशेजारच्या हॅरोतल्या आमच्या मराठी ग्रुपनं एक उपक्रम सुरू केला. कृषी संशोधन केंद्रांची बुलेटिन इंग्रजीत निघतात, वीस-बावीस पानांची, तक्त्यांनी गच्च भरलेली. आम्ही त्यांचा एक पानी सारांश सोप्या मराठीत करायचा आणि गावाकडच्या गटांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. कल्पना सुप्रभाची. ती इथल्या एका हॉस्पिटलात मायक्रोबायोलॉजिस्ट आहे, आणि तिनं एक नियम घालून दिला होता. एकानं सारांश लिहायचा, दुसऱ्यानं मूळ बुलेटिन न बघता तो वाचायचा आणि हातानं काय काय करणार ते क्रमानं बोलून दाखवायचं. आधी हे घेईन, मग ते करीन, मग इतका वेळ थांबेन. त्यानं बोललेलं मूळ इंग्रजीशी जुळलं तरच पान पुढे जायचं.

मला हा नियम पोरकट वाटायचा. खरं कारण वेगळं होतं. सुप्रभा माझ्या वाक्यांवर लाल रेघा मारायची आणि मला ते सहन होत नसे. शाळेत निबंधाला पहिला नंबर असायचा माझा. तो नंबर अजून डोक्यातून उतरलेला नाही.

हरभऱ्याचं बुलेटिन ऑक्टोबरमध्ये आलं. त्यात बीजप्रक्रियेवर अख्खी पाच वाक्यं होती. आधी बियाण्याला बुरशीनाशक चोळा. बी सावलीत सुकू द्या. मग पेरणीच्या तोंडावर जिवाणूंचं कल्चर, दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हातानं लावा. पुन्हा सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. बुरशीनाशक आणि कल्चर एकाच वेळी मिसळू नका. पुढे असंही होतं की ज्या रानात पूर्वी हरभरा घेतलेला नाही तिथे हे जिवाणू फार महत्त्वाचे, कारण मातीत ते आधीपासून नसतात. मुळांवर गाठी धरायच्या त्या त्यांच्यामुळेच, आणि हवेतला नत्र झाडाला मिळायचा तोही त्या गाठींतूनच.

पान तीनशे शब्दांत बसवायचं होतं. माझं चारशेच्या वर चाललं होतं. मी त्या पाच वाक्यांचं एक केलं: ‘पेरणीपूर्वी बुरशीनाशक आणि जिवाणू खत बियाण्याला एकत्र चोळा.’ वाचून मी खूश झालो. किती सुटसुटीत, म्हटलं. शेतकऱ्याला हेच हवं. खाली आणखी एक ओळ टाकली की मुळांवर गाठी धरतील, म्हणून युरियाचा खर्च वाचवा. आणि तळाला, ठसठशीत अक्षरात: ‘सुलभ मराठी रूपांतर: अंबरीश, लंडन.’

सुप्रभा तेव्हा नाईट शिफ्टवर होती. तिला पान पाठवलंच नाही. पेरणीची घाई आहे, तू बिझी आहेस, असा मेसेज टाकून मोकळा झालो.

पान गाजलं. आठ-दहा गटांत फिरलं. कुणीतरी लिहिलं, पहिल्यांदाच काहीतरी कळेल असं आलं. आमच्या ग्रुपच्या नोव्हेंबरच्या कार्यक्रमात माझा सत्कार ठरला, शाल-श्रीफळ वगैरे. नको नको म्हणालो, पण नको म्हणण्यातही एक कौशल्य असतं आणि ते माझ्याकडे भरपूर आहे.

कार्यक्रम शनिवारी होता. गुरुवारी दुपारी, जेवायच्या सुट्टीत, शिल्पाताईंचा मेसेज आला. शिल्पाताई त्या वाशीमच्या गटाच्या प्रमुख, पस्तिशीच्या असतील. स्वतः शेती करतात आणि गटातल्या बायकांचं बियाणं, खत, सगळं त्याच बघतात. उपटलेल्या हरभऱ्याच्या झाडाचा फोटो होता. पानं पिवळट. मुळं धुतलेली, पांढरी, सरळ. खाली लिहिलं होतं:

‘सर, पाच आठवडे झाले, गाठी नाहीत. या वावरात हरभरा पहिल्यांदाच होता, युरिया तुमच्या पानाप्रमाणं दिला नाही. पेरताना कृषी सहायक म्हणाले होते की दोन्ही वेगवेगळं लावा. पण पानावर एकत्र आहे म्हणून आम्ही एकाच घमेल्यात चोळलं. ते बरोबर आहे ना? शनिवारी बाकीच्या बाया कपाशीची पऱ्हाटी काढलेल्या वावरात पेरणार आहेत. तेवढं सांगा.’

मी बुलेटिन उघडलं. पान चौदा. पाच वाक्यं जागच्या जागी होती. बुरशी मारायचं औषध आणि जिवंत जिवाणू मी एका घमेल्यात घालायला सांगितले होते. कुणाचंही डोकं न खाता, दहा सेकंदांत कळण्यासारखी चूक होती. डबा तसाच झाकून ठेवला.

उत्तर एका ओळीचं होतं: ‘चूक माझी आहे, वेगवेगळं लावा, आधी बुरशीनाशक.’ एवढं टाइप करायला एक मिनिट लागलं असतं. मी ते टाइप केलंही. मग वाटलं, हे आत्ता गटात फिरलं की तासाभरात हॅरोपर्यंत येणार. परवा स्टेजवर शाल घालायच्या आधी सगळ्यांना कळणार. मी ओळ पुसली. नीट खुलासा तयार करू, म्हटलं, सुधारित आवृत्ती काढू, घाईत अजून चूक नको. इतकी शहाणपणाची कारणं मला एरवी कधी सुचत नाहीत. शुक्रवारी दिवसभर मी तो मेसेज पुन्हा न उघडता नुसता यादीत बघत राहिलो. शनिवारचं पेरणं मला आठवत नव्हतं असं मी म्हणणार नाही. आठवत होतं.

शनिवारी सकाळी अकराला हॅरोच्या एका शाळेच्या हॉलमध्ये मला शाल घातली. ‘शास्त्र बांधापर्यंत नेणारे’ असं काहीसं सूत्रसंचालिका म्हणाली. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले आणि मला माझ्याच हातांची किळस आली. तरी चेहरा हसरा होता. फोटोत दिसतो तसा.

कार्यक्रम संपल्यावर कार पार्कमध्ये सुप्रभाला गाठलं आणि शिल्पाताईंचा मेसेज दाखवला. तिनं फोटो मोठा करून बघितला. मग माझं पान उघडलं. एक ओळ वाचली आणि थांबली.

“एकत्र? अंबरीश, आर यू सीरियस? तू बॅक्टेरिया मारून टाकलेस अरे.”

“चूक झाली. कंडेन्स करताना.”

“ते कळलं मला. म्हणून तर चेकिंग असतं ना.” मग तिनं मेसेजची तारीख बघितली. “हा थर्सडेचा आहे. तू थर्सडेलाच वाचलास हा? त्यांना ब्लू टिक दिसली असणार.”

मी हो म्हणालो.

“दोन दिवस? त्या बायका आज पेरत होत्या आणि तू इथे शाल घेत होतास?”

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हे अगदी हळू म्हणाली, आजूबाजूला ओळखीची माणसं गाड्यांत बसत होती म्हणून. मला वाचवत होती ती, आणि तेच जास्त लागलं.

“आत्ता सांग त्यांना,” ती म्हणाली. “पीडीएफ नको. सुधारित आवृत्ती वगैरे ड्रामा नको. तुझ्या आवाजात सांग.”

गाडीत बसून मी व्हॉइस मेसेज केला. भारतात तेव्हा साडेसात वाजून गेले होते. पानावरची ओळ चुकीची आहे, मूळ बुलेटिनमध्ये उलट लिहिलंय, कृषी सहायक बरोबर होते, चूक माझी एकट्याची. आणि मला हे गुरुवारीच कळलं होतं. शेवटचं वाक्य म्हणताना दोनदा अडलो. सुप्रभा शेजारी बसून समोर बघत होती.

तो मेसेज ज्या ज्या गटात पान गेलं होतं तिथे टाकला. हॅरोच्या ग्रुपवरही टाकला. सुप्रभानं लगेच बुलेटिन लिहिणाऱ्या संशोधकांना गाठलं. त्यांनी सांगितलं की नुकत्याच पेरलेल्या रानात कल्चर चाळलेल्या शेणखतात मिसळून ओळींत द्या आणि हलकं पाणी द्या, थोडाफार उपयोग होईल, खात्री देता येत नाही. पिवळ्या पडलेल्या पिकाला नत्र किती द्यायचं ते कृषी सहायकांना शेत दाखवून ठरवा. या वेळी मी प्रत्येक वाक्य सुप्रभाला वाचून दाखवलं. तिनं हातानं काय करणार ते क्रमानं बोलून दाखवलं. मी संशोधकांच्या उत्तराशी ताडून बघत राहिलो, शाळेतल्या मुलासारखा. मगच ते गटांना पाठवलं.

रविवारी सकाळी शिल्पाताईंचा फोन आला. शिव्या खायच्या तयारीनं उचलला.

“ऐकलं सर तुमचं,” त्या म्हणाल्या. “शेणखत चाळायला घेतलं आहे. कृषी सहायक उद्या येतो म्हणाले. त्यांचे पाय धरावे लागतील, मागं त्यांना फार बोललो होतो आम्ही. म्हटलं होतं, लंडनचं पान आहे, तुम्हाला काय कळतं.”

“ताई, मला माफ करा.”

“चूक होते सर. आमच्याकडून होत नाही का?”

“किती जणींनी पेरलं काल?”

“अकरा जणींनी सकाळीच पेरलं. गुरुवारी तुम्हाला विचारलं होतं हे त्यांना माहीत होतं. त्या म्हणाल्या, सरांनी वाचलंय, काही बोलले नाहीत, म्हणजे बरोबरच आहे. मी सकाळी नव्हतं पेरलं. माझं दुसरं वावर राहिलं होतं. पहिल्यात गाठी नाहीत हे डोळ्यांनी बघितलेलं. बी घमेल्यात घेऊन बसले होते. म्हटलं, सर कामात असतील, उत्तर देतील. दोन वाजेपर्यंत वाट बघितली. मग मजूर जायला निघाले, म्हणून पानाप्रमाणं एकत्रच चोळून पेरलं.”

त्यांचे दोन म्हणजे आमचे सकाळचे साडेआठ. मी त्या वेळी स्वयंपाकघरात उभा होतो. कार्यक्रमात पडद्यावर दाखवायला माझा कुठला फोटो द्यायचा ते ठरत नव्हतं, आणि फोन माझ्या हातातच होता.