उरलेला शब्द

सुनेचं हे वागणं चिमाबाईंना मुळीच पटलं नव्हतं. काल शेजारच्या मळ्यातून बिबट्यानं शेळी उचललेली, आज मालक एकटेच पाण्याची मोटार चालू करायला उसात गेलेले, फोन उचलत नाहीत, आणि ही आरती सासूला ओढत ओतूरला हळदीकुंकवाच्या खेळाला घेऊन आली.

खेळ आरतीच घेत होती. तिनं शब्द द्यायचा, बाईनं त्याचं पहिलं अक्षर गाळून उरलेला शब्द मोठ्यानं सांगायचा. उरेल त्याला अर्थ हवा. ‘पाऊस’ आला, शेजारीण ‘ऊस’ म्हणाली, आणि चिमाबाईंनी पुन्हा मालकांना फोन लावून पाहिला.

आरतीनं पुढची चिठ्ठी उघडली. “आत्या, तुमचा शब्द, शहरी!”

‘श’ गाळला की हरी. देवाचं नाव खरं, पण मालकांचंही तेच. ते नाव चिमाबाईंनी जन्मात उच्चारलं नव्हतं. उच्चारलं की धन्याचं आयुष्य घटतं, असं आईनं बजावलेलं. आणि आज तर ते उसात! त्यांनी ओठ गच्च मिटले.

“शाळा कमी पडली वाटतं,” मागून कुणी खिदळलं. चिमाबाईंनी नकारार्थी मान हलवली. डाव गेला.

तेवढ्यात चिमाबाईंचा फोन वाजला. “अगं, फोन बांधावर राह्यला व्हता. आलोय घरी,” मालक म्हणाले.

डोळे पुसून चिमाबाई सुनेकडं वळल्या. “शब्द मला येत व्हता, आरती. सासरा उसात असताना सासूला त्याच्याच नावाचं कोडं घालतीस? लई शिकलीस गं, पर घाबरलेल्या माणसाचं तोंड वाचायला न्हाई शिकलीस!”