चौथं विधान

विभागात तिला सगळे 'दशांश' म्हणायचे, कारण ती चहातली साखरही मोजून घ्यायची. आज मात्र दशांशानेच तिचा घात केला होता. बातम्यांवर लोकांचा किती विश्वास, हे मोजायला तिने वस्त्यावस्त्यांत फॉर्म भरून घेतले होते, त्यात सहा विधानं होती. सहाही एकाच गोष्टीबद्दल बोलतात का, हे सांगणारा अल्फा आला होता ०.६४. निदान ०.७० हवा होता. प्रबंध द्यायला दोन दिवस उरले होते.

"चौथं काढ," गाईड मॅडम स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. "बाकी पाचांच्या बेरजेशी त्याचं नातं बघ, उणे ०.३०. हे वगळलं की अल्फा ०.८०. मग अडलंय कुठे, बाई?"

चौथं विधान होतं, 'बातम्या आपल्यापासून काही लपवतात.' सहांतलं हे एकटंच उलट्या अर्थाचं, म्हणून त्याचे गुण उलटवावे लागतात. तेच राहिलं असेल म्हणून तिने पुन्हा तपासलं. नीट उलटवलेले होते.

मग तिने वस्तीवार आकडे काढले. इतर वस्त्यांत चौथं गुण्यागोविंदाने नांदत होतं. उणे येत होतं ते फक्त एका कॉलनीमुळे. तिथे झाडून सगळ्यांनी सहाही विधानांना 'पूर्ण सहमत' म्हटलं होतं. बातम्या खऱ्या? सहमत. बातम्या लपवतात? सहमत.

"न वाचता खुणा केल्यात, दुसरं काय!" मॅडम म्हणाल्या.

दशांश भर दुपारी त्या कॉलनीत गेली. प्रत्येक घरात टीव्ही, एकच चॅनेल, एकच आवाज. जिना चढला तरी वाक्य तुटत नव्हतं. पहिलं दार एका बाईने उघडलं. दशांशच्या मागे, जिन्यात, कॉलनीचा व्यवस्थापक हसत उभा होता.

"फॉर्म भरले त्या दिवशीही हे व्यवस्थापक होते का इथे?" तिने हळूच विचारलं.

"सहमत," बाई म्हणाली.

"मावशी, मी नुसतं विचारतेय."

"पूर्ण सहमत." चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पण दार लोटता लोटता बाईने तिचं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता. टीव्हीच्या आवाजाखाली ओठ जेमतेम हलले.

"चौथं काढू नका, ताई. बाकी पाच त्यांची आहेत, तेवढं एकच आमचं."

चौथ्याबद्दल ती इथे कुणाशीच चकार शब्द बोलली नव्हती.

खाली येऊन तिने मॅडमना फोन लावला.

"काढलंस ना?"

"नाही मॅडम. ०.६४च लिहिते. कॉलनी वेगळी दाखवते, तिच्यासकट आणि तिच्याशिवाय, दोन्ही आकडे देते."

"समिती परत पाठवेल. वर्ष जाईल, वेडे!"

"जाऊ दे."

तिने वर पाहिलं. सगळ्या खिडक्यांत माणसं येऊन उभी होती, आणि त्यांच्यामागचे टीव्ही एकामागून एक बंद होत होते.