तसाच पिवळा

बारावीचा शाळा सोडल्याचा दाखला दुपारी हातात पडला, म्हणून निघायला उशीर झाला. तिसऱ्या फेरीत सुरय्याला वाघोलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली होती. आज पाचच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन हजर झालं नाही, तर ती जागा पुढच्या फेरीत दुसऱ्या कोणाला तरी जाणार होती. बस शोधत बसू नकोस, मी सोडतो, असं म्हणून तिच्या वडिलांनी, नियाजने, बुधवार पेठेतलं दुकान भर दुपारी बंद केलं होतं.

दुकान इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं. नियाज रेझिस्टर मोजून द्यायचा, एकेक. त्यावरचे रंगीत पट्टे वाचून तो किती ओहमचा हे सांगायची दुकानदारांची रीत, पण तो प्रत्येक तुकडा मीटरला लावायचा. घाईतली मुलं म्हणायची, "भाई, पट्टे बघा की!" त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं, "हल्ली छपाई धड नसते. मीटर खोटं बोलत नाही." त्यामुळे त्याचं नाव चोख माणूस म्हणून झालं होतं.

गाडी जुनी घेतलेली, पण नीट राखलेली होती. येरवड्याच्या पुढे एका उंच गतिरोधकावरून ती जोरात उतरली आणि खालून काहीतरी घासल्याचा आवाज आला.

"अब्बा, हळू."

"हळूच होतो. गतिरोधक उंच आहे. बनवणाऱ्याने बहुतेक उरलेला सगळा माल इथेच संपवला."

शास्त्रीनगरच्या चौकात सिग्नलला थांबले, तेव्हा नियाज समोर बघून म्हणाला, "हे आणखी एक चित्र लागलं. चहाच्या किटलीसारखं."

सुरय्याच्या जागेवरून ते स्टिअरिंगच्या आड जात होतं. ती वाकली. तेलाच्या बुधलीचं छोटं चित्र, पिवळं. त्याच्या शेजारी इंजिनाचं चित्र होतं, तेही पिवळं. पण ते गेल्या उन्हाळ्यापासून तसंच होतं. त्या वेळी नाना पेठेतल्या गॅरेजवाल्या जयसिंगने सांगितलं होतं, कुठलासा सेन्सर गेलाय, चालवा, सवड मिळाली की आणा. सवड अजून मिळाली नव्हती.

तिने जयसिंगला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"बुधली? रंग कोणता?"

"पिवळा," सुरय्या म्हणाली.

"नीट बघून सांग हं. तुमच्या मॉडेलला ते चित्र दोन रंगांत येतं. पिवळं असेल तर तेलाची पातळी उतरलीय, पुढच्या पंपावर लिटरभर टाका आणि जा. लाल असेल तर तेलाचा दाबच गेला. मग बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद, तिथल्या तिथे. बाकी नियम सगळ्या दिव्यांना तोच. हिरवा, निळा म्हणजे काहीतरी चालू आहे, एवढीच खबर. पिवळा म्हणजे चालवा, पण लवकर दाखवा. लाल म्हणजे थांबा."

"पुण्यात पिवळा म्हणजे गाडी दामटा," नियाज म्हणाला.

"ते चौकात, नियाजभाई. गाडीच्या आत नाही," असं म्हणून जयसिंगने फोन ठेवला.

सिग्नल सुटला. रामवाडीला पंप आला, पण तो दुभाजकाच्या पलीकडे होता. वळायचं तर बरंच पुढे जाऊन यावं लागलं असतं. सुरय्याने घड्याळाकडे पाहिलं. नियाजने गाडी सरळ पुढे नेली. पुढच्या पंपावर टाकू, असं दोघांच्याही मनात होतं, आणि पुढचा पंप कुठे आहे हे दोघांनाही नक्की ठाऊक नव्हतं.

खराडीच्या चौकाआधी वाहनं गच्च झाली. सुरय्या मांडीवरच्या फायलीतले कागद पुन्हा लावत होती. मध्येच गाडीत टीं टीं टीं असा आवाज झाला.

"हे काय वाजलं?"

"तुझा पट्टा नीट लागला नसेल."

तिने पट्टा ओढून पाहिला. लागलेला होता. "तो दिवा अजून पिवळाच आहे ना?"

नियाजने नजर खाली टाकली. "हो. तसाच पिवळा."

चौक ओलांडल्यावर गाडीला थोडा वेग आला, आणि इंजिनातून टकटक असा बारीक, कोरडा आवाज येऊ लागला. आधी तिला वाटलं, शेजारच्या ट्रकचा असेल. ट्रक पुढे निघून गेला. आवाज राहिला. ती वाकली आणि बुधलीकडे बघतच राहिली.

"अब्बा, हा लाल आहे."

"पिवळा आहे."

"लाल आहे. लुकलुकतोय पण."

"लुकलुकतोय खरा. पण पिवळाच लुकलुकतोय."

तिला वाटलं, ते चेष्टा करताहेत. मग वाटलं, आपल्यालाच नीट दिसत नसेल. पश्चिमेचं ऊन मागच्या काचेतून थेट आत येत होतं. तिने फाईल आड धरून सावली केली. लाल.

"बाजूला घ्या."

"अगं, आलंच की वाघोली. अर्धा तास उरलाय तुझ्याकडे, आणि तू माझ्याशी रंगांवरून भांडतेस?"

"आधी बाजूला घ्या!"

त्याने गाडी पदपथाच्या कडेला घेतली, पण इंजिन सुरूच ठेवलं. धोक्याचं बटण दाबलं. दोन्ही बाण उघडझाप करू लागले. टकटक आता स्पष्ट ऐकू येत होती.

"बंद करा."

"आणि परत सुरू नाही झाली तर? तुझी जागा जाईल. जयसिंगने सांगितलंय ना, पिवळ्याला चालवा."

"पिवळ्याला. हा लाल आहे."

"मघाशी तूच पिवळा म्हणालीस."

"मघाशी पिवळा होता!"

"मग बदलला कधी? मी समोर बसलोय. माझ्यासमोर काही बदललेलं नाही." तो चिडला नव्हता. मीटरवरचा आकडा सांगावा, तसं सांगत होता. त्यामुळेच ती गोंधळली. खोटं बोलणारा माणूस असा बोलत नाही.

तिने फोटो काढून जयसिंगला पाठवला. फोन लगेच वाजला.

"तो लाल आहे! इंजिन सुरू आहे का? मला इकडे आवाज येतोय! बंद करा आधी, दाब नाही म्हणजे आत लोखंडावर लोखंड घासतंय! मी निघतोय!"

नियाजचा हात किल्लीवर गेला आणि तिथेच थांबला. त्याने आधी सुरय्याकडे पाहिलं, मग तिच्या मांडीवरच्या फायलीकडे. गाडी इथे बंद पडली, तर मुलगी इथेच अडकणार होती. सुरय्याने स्टिअरिंगच्या आडून हात घातला आणि किल्ली फिरवली.

शांत झालं. फक्त बाणांची टिकटिक उरली.

नियाज खाली उतरून वाकला. गाडीच्या पोटाखाली काळं तेल ठिबकत होतं आणि मागे रस्त्यावर त्याची बारीक रेघ दूरवर दिसत होती. तो उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, पण तेलामुळे नाही.

"जयसिंगही लाल म्हणाला," तो म्हणाला.

सुरय्याने उघड्या दारातून बाणांकडे बोट केलं. "यांचा रंग कोणता?"

"हिरवा."

"हिरवा हे कसं ओळखलंत मग?"

"बाण हिरवेच असतात."

"आणि चौकातला सिग्नल?"

"वरचा लाल, मधला पिवळा, खालचा हिरवा. त्यात बघायचं काय असतं?" त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू सगळं जग असंच बघतं आणि तिला आजच काहीतरी झालंय.

तिला दहावीतला आनुवंशिकतेचा धडा आठवला: रंगांधळेपणा, लाल-हिरव्या ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्यात लपलेला आकडा. पुस्तक घरात कधीपासून पडून होतं. ते पान अब्बांना दाखवावं असं तिला कधी सुचलंच नव्हतं. सुचणार तरी कसं? अब्बांना सगळ्या वस्तूंचे रंग माहीत होते. टोमॅटो लाल, पालक हिरवा, हळद पिवळी. विचारलं की बरोबर सांगायचे.

"बस आली," नियाज म्हणाला. "पळ."

"तुम्ही?"

"मी काय लहान आहे? जयसिंग येतोय. फाईल घे. पळ, सुरय्या."

ती पळाली. बसमध्ये उभं राहायला जागा मिळाली. ती फाईल छातीशी धरून मागच्या काचेतून बघत राहिली. अब्बा गाडीशेजारी उभे होते. त्यांच्या मागे दोन दिवे लुकलुकत होते, नारिंगी. अब्बांना ते कसे दिसत असतील, याचा तिने विचार करून पाहिला आणि तिला काहीच कळेना. उजेडाचा एक ठिपका? पण उजेडाला काहीतरी रंग तर असतोच.

कॉलेजच्या दारात तिला रखवालदाराने हाताने खूण करून प्रवेशाची खोली दाखवली. तिथे रांग होती. पाचच्या आत रांगेत असलेल्यांना घेणार, असं आतली बाई ओरडून सांगत होती. सुरय्या रांगेच्या शेवटी उभी राहिली. तिच्या मागे दार लावलं गेलं.

फोन वाजला.

"मिळाली का जागा?"

"रांगेत आहे. दार लावलंय, म्हणजे मिळेल. गाडी?"

"तेलाच्या टाकीला खालून चीर गेलीय. जयसिंग म्हणतो, वेळेवर बंद केली, इंजिन बहुतेक वाचलं. उचलून न्यायची आहे. दुसरी गाडी येतेय. ऐक. मी मघापासून आत बसलोय. इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली, की ते सगळे दिवे लागतात. बुधली आणि इंजिनाचं चित्र, दोन्ही शेजारी शेजारी. जयसिंग म्हणतो एक लाल, एक पिवळा. मी बोट ठेवून ठेवून बघितलं."

"मग?"

"मग तू मला सांग. शिकलेली आहेस. त्या दोघांत फरक काय आहे?"

"रंगाचा."

"ते कळलं गं. पण म्हणजे नक्की काय वेगळं आहे? एक जास्त उजळ आहे का?"

"नाही."

"मग?"

सुरय्याने तोंड उघडलं. लाल रक्तासारखा असतो. गरम वाटतो. पिवळ्यापेक्षा त्याची तरंगलांबी जास्त असते. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि त्यातलं एकही अब्बांना तो दिवा दाखवू शकत नव्हतं. तिच्या पुढची मुलगी टेबलापाशी पोचली होती.

"मला सांगता येत नाहीये, अब्बा."

"असं कसं? तुला तर दिसतो."

"हो. दिसतो."

मग नियाज हळूच म्हणाला, "म्हणजे आजपर्यंत मी चालवत होतो, तेव्हा लाल दिवा लागला असता, तरी मला..."

"पुढचं कोण आहे?" टेबलामागची बाई म्हणाली. "मूळ कागद काढा."

"अब्बा, गाडीतून उतरा. बाहेर उभे राहा," सुरय्या म्हणाली. ते तिने का सांगितलं, हे तिला नीट कळलं नाही. "परत जाताना आपण रिक्षाने जाऊ."

फोन चालू ठेवूनच तिने फाईल टेबलावर ठेवली.