चार सऱ्यांची पाहणी

एकोणीसशे अठ्ठावन्न साली आमच्या कारखान्याचा दुसरा गळीत हंगाम तोंडावर आला होता. संचालक मंडळाने तीन संचालकांची ऊस उपसमिती नेमली. मी कोऱ्हाळे बुद्रुकचा, मला समितीचा प्रमुख केलं. दुसरे पिंपळीचे गेणबा, तिसरे इंदापूरकडचे, वरकुट्याचे जोतीराम. मंडळाने ठराव करून एकच अधिकार आम्हाला पुरता दिला होता : कुणाचा ऊस कधी तोडायचा, ती पाळी ठरवण्याचा. बाकीच्या बाबतीत आम्ही बघायचं, बोलायचं आणि मंडळाला सुचवायचं. पण हा फरक तेव्हा माझ्या डोक्यात बसला नव्हता. समिती म्हणजे सत्ता, एवढंच मला कळत होतं.

आश्विनात पिंपळीहून बातमी आली की द्वारकाबाईच्या उसात काणीचा रोग पडला आहे. द्वारकाबाई विधवा, दीड एकराची मालकीण, कारखान्याची सभासद. आम्ही तिघे भर दुपारी गेलो. उसाच्या शेंड्यातून काळे चाबूक निघाले होते, हात लावला की काजळीसारखी भुकटी उडत होती. ही भुकटी वाऱ्यावर जाते आणि शेजारचा ऊस धरते. वाऱ्याच्या अंगाला गेणबांचाच प्लॉट होता. गेणबांचं तोंड उतरलं. पुढच्या सऱ्यांना पाटाचं पाणी सोडलेलं, चिखल पोटरीपर्यंत. आम्ही कडेच्या चार सऱ्या फिरलो आणि परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या कचेरीत समितीची सभा भरली. चिटणीस कुंडलिकराव प्रोसिडिंग लिहायला बसले. हे पूर्वी शाळामास्तर होते. हळू बोलायचे, पण लिहिताना त्यांचा टाक अडखळत नसे.

पहिला विषय तोडणीच्या पाळीचा, तो लवकर उरकला. दुसरा द्वारकाबाईचा. मी सांगितलं, "लिवा. प्लॉट उपटून जाळायचा, उसाची नोंदणी रद्द. पत्र आजच काढा."

कुंडलिकरावांनी पान माझ्याकडे वळवलं. मी चाळिशी उलटल्यावर अक्षरं शिकलो, त्यामुळे मला वाचायला वेळ लागे, ते थांबले. वरच्या भागाला मथळा होता 'समितीने आपल्या अधिकारात घेतलेले निर्णय, मंडळाच्या माहितीसाठी'. तिथं तोडणीची पाळी होती. खाली आडवी रेघ, आणि रेघेखाली 'मंडळाच्या मंजुरीसाठी शिफारशी'. द्वारकाबाईचं नाव तिथं.

"हे खाली का?" मी विचारलं.

"तात्या, सभासदाच्या उसाची नोंदणी रद्द करायचा अधिकार पोटनियमात मंडळाला हाय. तुमी सुचवायचं. मंडळ ठरवील ते ठरंल, मग मी पत्र काढीन."

"मंडळ रविवारी बसणार. तवर काणी काय वाट बघत बसंल?" गेणबा उसळले. "तुमाला काय, तुमचा ऊस न्हाय तितं."

"म्हणूनच तुमचा प्लॉट लगत हाय हे बी लिवतो, गेणबा. तुमी सांगितलंय, मंडळाला कळू द्या."

 जोतीराम मिशीत हसले. कुंडलिकरावांनी मला विचारलं, "किती सऱ्या फिरलात?"

"चार."

"एकंदर किती?"

मला आकडा माहीत नव्हता. जोतीराम म्हणाले, "साठाच्या वर असतील. मी तवाच म्हणलं, बाकीचा बघितल्याबिगर जाळायचं म्हणू नगा. माझा इरोध लिवा."

कुंडलिकरावांनी तेही लिहिलं : पाहणी चार सऱ्यांची झाली, पाण्यामुळे उरलेला प्लॉट पाहिला नाही, जोतीराम यांचा विरोध, दोघांच्या बहुमताने शिफारस. मग मला वाचून दाखवलं. खोटं एक अक्षर नव्हतं, आणि म्हणूनच मला राग आला.

"ह्यानं आमची शोभा व्हईल," मी म्हणालो.

"तुमी सांगितलं तेच लिवलंय. चुकीचं असंल तर खोडतो, तुमी सही करा त्या खोडण्यावर."

मी काही खोडायला न लावता पानाच्या खाली सही केली.

गेणबांनी मात्र गावात जाऊन सांगून टाकलं की समितीने प्लॉट जाळायचं ठरवलं. दुपारी द्वारकाबाई कचेरीत हजर. मी ओट्यावर बसलो होतो. मला बघून ती थांबली.

"तात्या, काल लई ऊन हुतं का?"

 ती आत गेली. कुंडलिकरावांनी तिला बसायला घोंगडी टाकली.

"जाळायचा हुकूम निघाला म्हनं?"

"हुकूम निघाला न्हाय, बाई. समितीनं सुचवलंय. रविवारी मंडळ बसंल, तितं ठरंल. तुमाला सांगायचं असंल तर अर्ज द्या, मी त्याच सभेपुढं ठेवतो."

"मला लिवता येत न्हाय."

"तुमी बोला."

ती बोलत गेली, ते लिहीत गेले. "चार सऱ्या तुमी बघितल्या, बाकीच्या मी रोज बघते. वढ्याकडचा ऊस निर्मळ हाय. कुनी बी येऊन फिरावं." लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं. एका ठिकाणी ती म्हणाली, "निर्मळ म्हणलं हुतं, चांगला न्हवं." त्यांनी शब्द बदलला, मग अंगठा घेतला.

"आनि तवर?" तिनं विचारलं.

"तवर तुमी आपणहून काळ्या चाबकांवर वलं पोतं बांधा, भुकटी उडायची न्हाय. आपल्या रानात आपण पोतं बांधायला कुणाचा ठराव लागत न्हाय."

भुकटी उडू नये, गेणबांना हेच तर हवं होतं, आणि ते द्यायला कुणाचा अधिकार ओलांडावा लागला नव्हता. मला ओट्यावर बसल्या बसल्या हे उमगलं, आणि त्या माणसाकडे मी नव्याने बघितलं.

रविवारी मंडळापुढे प्रोसिडिंग वाचलं गेलं. रेघेवरच्या निर्णयाची मंडळाने फक्त नोंद घेतली. रेघेखालचं वाचताना 'चार सऱ्या' ऐकून चेअरमननी मान वर केली. पाठोपाठ द्वारकाबाईचा अर्ज वाचला गेला.

"तात्या, शिफारस धरून ठेवताय का?" चेअरमननी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी उभा राहिलो. "धरली असती, पर पुरतं बघितलं न्हाय. शेतकी अधिकाऱ्याला पाठवा, तो सगळा प्लॉट फिरू दे. त्याचं म्हणणं मला मान्य."

मंडळाने शिफारस मंजूरही केली नाही, फेटाळलीही नाही. सभा तीन दिवसांसाठी तहकूब झाली. अधिकारी चिखलातून पासष्ट सऱ्या फिरला. काणीची बेटं पाटाकडच्या सात सऱ्यांत एकोणचाळीस, बाकी ऊस निर्मळ. तहकूब सभेत ठराव झाला : रोगी बेटं पोत्यासकट उपटून जाळावीत, नोंदणी कायम राहावी, तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणारा खोडवा त्या प्लॉटात ठेवू नये, आणि तोडणी लवकर घेण्याबाबत उपसमितीने पाहावं. आम्ही तिघांनी पाळी बदलून तिचा ऊस पहिल्या दिवसावर घेतला. गेणबांनीही हात वर केला.

ठरावाचं पत्र कुंडलिकराव स्वतः पिंपळीला घेऊन गेले. मीही गेलो. द्वारकाबाईने ते त्यांच्याकडून पूर्ण वाचून घेतलं आणि विचारलं, "ह्यो हुकूम का?"

"आता ह्यो हुकूम."

तिने पदर खोचला, कुदळ घेतली आणि पाटाकडच्या सऱ्यांत शिरली. कुंडलिकरावांनी टोपी काढून बांधावर ठेवली, धोतर वर घेतलं आणि तिच्या मागोमाग बेटं बाहेर ओढायला लागले. मग मलाही बांधावर उभं राहवेना.

हंगामाच्या पहिल्या सकाळी कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीत पहिल्यांदा पडला तो तिचाच ऊस.