नाल्यापलीकडचे चार मोह

“नकाशामा मना मोह कुठे शे रे, बादल? चारी झाडं शेळीनी खाल्ली का?”

माझं बोलणं अर्ध्यात होतं आणि धनीबाई उभी राहिली. शाळेच्या पडवीत अख्खी ग्रामसभा हसली. मी म्हटलं, अक्का, आधी ऐकून घे.

नकाशा मीच समजावत होतो, कारण मोबाईल घेऊन रानात मीच फिरलो होतो. निळी रेघ नाला, निळा ठिपका विहीर, हिरवं ते रान. तपकिरी ठिपका म्हणजे राखलेला मोह; ज्याच्याखाली घरवाले झाडून ठेवतात, फुलं वेचतात. शेजारी आकडा, आकड्यापुढं यादीत घराचं नाव. मग नकाशाला काय कळत नाही तेही सांगितलं. वरून काढलेल्या फोटोत मोह आणि साग सारखेच हिरवे. दाट झाडीत ठिपका दहा-बारा पावलं सरकतो. आणि हा मालकीचा कागद नाही. जिथं आम्ही झाडाखाली उभे राहिलो तिथंच ठिपका आहे. ठिपका नाही म्हणजे झाड नाही, असं नाही.

एवढं नीट बोललो होतो.

जीपवाला विक्रमभाऊ म्हणाला, मग ठरवून टाका, बिनठिपक्याचे मोह गावाचे, चिठ्ठी टाकून वाटू. बऱ्याच माना हलल्या. धनीबाईला नवरा नाही, पोरगं नाही. त्या चार झाडांच्या फुलांवर तिचं अर्धं वर्ष निघतं, हे सगळ्यांना माहीत.

सभेची वही लिहिणाऱ्या नथ्थू आबांनी मला विचारलं, “नाल्यापलीकडं गेला होता का तू?”

गेलो नव्हतो. मागच्या वर्षी तिच्या शेळीला दगड मारला म्हणून तिनं मला चौकात चपलेनं हाणलं होतं. मी नाला ओलांडलाच नाही. पण अलीकडून दिसत होतं, चारी झाडांखाली अंगणासारखं झाडलेलं होतं.

सांगणारच होतो. तेवढ्यात ती म्हणाली, “त्याले काय इचारता आबा? नववीमधून पळेल पोर. त्याले आकडे तरी येतस का?”

पुन्हा सगळे हसले. नववीत माझ्या वर्गात असलेली सुनितापण हसली.

“गेलो होतो,” मी म्हटलं. “खाली पाचोळा होता, घोट्याएवढा. कोणी राखलेलं नव्हतं.”

आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग खाली वहीकडं. ते रोज त्याच वाटेनं गुरं नेतात. तरी माझं म्हणणं त्यांनी वहीत लिहून घेतलं. ठराव झाला, चिठ्ठ्या टाकल्या, चारी मोह एकाच चिठ्ठीत विक्रमभाऊला लागले. धनीबाई ओरडली नाही. नकाशाजवळ गेली आणि नाल्यापलीकडच्या हिरव्यावर बोट ठेवून उभी राहिली. कोणीतरी म्हणालं, अक्का, बोटानं ठिपका पडत नाही.

आज सकाळी फुलं पडायला लागली. ती पहाटेपासून टोपली घेऊन तिथंच बसलीय म्हणे. तिथं ठिपके घ्यायचेत, विक्रमभाऊच्या नावानं, आणि मोबाईल माझ्याकडं आहे. भाऊ बाहेर हॉर्न वाजवतोय. मला आता निघायचंय.